सत्तावन्नचे पंच्याहत्तर का होतात?

दुसरीच्या वर्गात बाई संख्या सांगतात, ‘सत्तावन्न’. पाटीवर उमटते ७५. बाई म्हणतात ‘अठ्ठेचाळीस’, मूल लिहिते ८४. ‘एकोणसाठ’ म्हटल्यावर काही मुले ६९ लिहितात, काही ६१. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, पालक म्हणतात डोके चालत नाही. थोडे शिकलेले पालक अशा मुलाला घेऊन सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात येतात आणि विचारतात, ‘हा आकडे उलटे काढतो. ते डिस्लेक्सिया का काय म्हणतात, तसं काही आहे का?’

बहुतेक वेळा तसे काही नसते. मुलाने ऐकले तसेच लिहिलेले असते. ‘सत्तावन्न’मध्ये सात आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. मूल आधी सात लिहिते, मग पाच. चूक मुलाच्या मेंदूत नसून संख्येच्या नावाची रचना आणि तिची लेखी रचना या दोघींच्या मधल्या फटीत असते. ही फट मराठीत बरीच रुंद आहे, आणि मूल पहिली-दुसरीत असताना ती भरून काढली नाही तर पुढचे सगळे गणित तिच्यात अडखळते.

हा प्रश्न आज महत्त्वाचा आहे याला कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यायला हवे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. दुसरीच्या अखेरीस मुलाला ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करता यावी, हे त्यातले एक लक्ष्य. बीड जिल्ह्यात या लक्ष्याआड आणखी एक अडचण उभी राहते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जी मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ गावात राहतात, त्यांचा वर्ग चालू राहतो. जी आई-वडिलांबरोबर फडावर जातात, त्यांच्या हाती जून ते दिवाळी एवढेच महिने उरतात. अशा मुलांना शंभर नावे घोकून पाठ करायला वेळच नसतो. म्हणून नेमके काय अडते हे समजून घेऊन तेवढेच नेमके शिकवणे इथे अधिक गरजेचे ठरते.

नावात काय दडले आहे

मराठीतल्या एकवीस ते नव्व्याण्णव या नावांत तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. त्या एकत्र कालवल्या की मुलाची चूक कळत नाही, म्हणून त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

पहिली अडचण क्रमाची. बोलताना एकक आधी, दशक नंतर. लिहिताना दशक आधी, एकक नंतर. ‘सत्तावीस’ ऐकणाऱ्या मुलाला सात मनात धरून ठेवावे लागतात, वीस ऐकू येईपर्यंत थांबावे लागते, मग दोन लिहून नंतर सात लिहावे लागतात. मोठ्यांना हे जाणवतही नाही, कारण त्यांना ‘सत्तावीस’ हा एकच सलग शब्द पाठ आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाची तात्पुरती स्मरणशक्ती मात्र तोकडी असते. वर्गात गोंगाट असेल, बाई घाईत असतील, तर जे आधी कानावर पडले तेच आधी पाटीवर उतरते.

दुसरी अडचण दशकाच्या वेषांतराची. वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी ही चार दशके नावांत जशीच्या तशी ऐकू येतात: अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, पंच्याऐंशी. उरलेली चार मात्र वेष पालटतात. पन्नासचे कधी ‘वन्न’ होते (बावन्न), कधी ‘पन्न’ (चोपन्न). साठचे ‘सष्ट’ होते, सत्तरचे ‘हत्तर’, नव्वदचे ‘ण्णव’. ज्या मुलाला ‘साठ’ ठाऊक आहे, त्याला ‘बासष्ट’मध्ये साठ आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळण्याचे कारण नाही. एककही एका रूपात टिकत नाही. दोनच घ्या. बावीसमध्ये तो ‘बा’ आहे, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याऐंशीमध्ये ‘ब्या’. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना शेकडो वर्षांच्या तोंडी वापराने शब्द झिजले आणि त्यांचे सांधे दिसेनासे झाले. जिभेची सोय झाली, पण शिकणाऱ्याला ते नाव उलगडणे अवघड झाले.

तिसरी अडचण ‘एकोण’ची. एकोण म्हणजे एकाने उणे. एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी. म्हणजे बोलताना साठचे नाव घ्यायचे आणि लिहिताना ५ ने सुरुवात करायची. ज्या मुलाला एकोणचा अर्थ सांगितलेला नाही, त्याला नावात दोनच ओळखीच्या गोष्टी ऐकू येतात, ‘एक’ आणि ‘साठ’. त्यातून ६१ तयार होतात. ज्याला एवढेच माहीत आहे की एकोण आले की नऊ लिहायचे, तो ६९ लिहितो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, पण दोन्हींमागे विचार आहे. नव्व्याण्णवला हा नियमही लागू नाही. एकोणनव्वदनंतर ‘एकोणशंभर’ येत नाही, नव्व्याण्णव येते.

गंमत म्हणजे शंभराच्या पुढे मराठीही सरळ होते. एकशे सात, दोनशे पाच, हजार चार या सगळ्यांत मोठे आधी आणि लहान नंतर. गावाकडची वयस्कर माणसे विसांत मोजतात तेव्हा सत्तेचाळीसला ‘दोन विसा सात’ म्हणतात. तिथेही मोठे आधी येते. म्हणजे मोठ्याचे नाव आधी घेणे ही मराठीबाहेरची रीत नाही. अडते ते फक्त वीस ते शंभर या पट्ट्यात, आणि नेमका तोच पट्टा पहिली-दुसरीत शिकायचा असतो.

इतर भाषांत काय दिसते

ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणाऱ्या टोळीबरोबरचे मूल कानडी मुलांच्या तोंडून सत्तावन्नला ‘ऐवत्तेळु’ ऐकते. ऐवत्तु म्हणजे पन्नास, एळु म्हणजे सात. तेलुगूतही दशक आधी आणि एकक नंतर. चिनी, जपानी आणि कोरियन भाषा याहून पुढे जातात. तिथे सत्तावन्नला जवळपास ‘पाच-दहा-सात’ असेच म्हणतात. नावातच स्थानिक किंमत सांगितलेली असते.

त्याचा परिणाम होतो का, हे इरेन मिउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले होते. पहिलीतल्या मुलांसमोर दहाचे ठोकळे आणि सुटे ठोकळे ठेवून एखादी संख्या मांडायला सांगितली, तेव्हा चिनी, जपानी आणि कोरियन मुलांपैकी बहुतेकांनी दहाचे ठोकळे आणि सुटे अशी मांडणी केली. अमेरिकी मुलांचा कल एकेक सुटा ठोकळा मोजत जाण्याकडे होता. हा सगळा फरक भाषेचाच, असे मात्र म्हणता येत नाही. शिकवण्याची पद्धत, घरातला सराव यांचाही त्यात वाटा असतो, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले.

मराठीला अधिक जवळचे उदाहरण जर्मनचे आहे. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. सत्तावीसला ‘सात-आणि-वीस’ म्हणतात. ऑस्ट्रियातल्या सात वर्षांच्या मुलांना संख्या ऐकून लिहायला लावल्यावर झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी संबंधित होत्या, असे २००९ मधल्या एका अभ्यासात आढळले. जर्मनमध्ये क्रम उलटा असला तरी शब्द स्वच्छ असतात; सात आणि वीस दोन्ही वेगळे ऐकू येतात. मराठीत क्रमही उलटा आहे आणि शब्दही झिजलेले.

नॉर्वेने यावर थेट निर्णय घेतला. तिथेही ‘सात-आणि-वीस’ म्हणण्याची रीत होती. दूरध्वनीचे क्रमांक तोंडी सांगताना चुका होत, म्हणून दूरध्वनी खात्याच्या आग्रहावरून तिथल्या संसदेने क्रम बदलायचे ठरवले आणि १९५१ पासून शाळांत व सरकारी कामकाजात ‘वीस-सात’ अशी नावे आली. त्याला आता पाऊण शतक होत आले, तरी जुनी नावे लोकांच्या तोंडून गेलेली नाहीत. संख्यांची नावे हुकमाने बदलत नाहीत, हा त्यातला धडा.

२०१९ चा वाद आणि त्यातला राहिलेला मुद्दा

महाराष्ट्रात हा विषय जून २०१९ मध्ये गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांच्या रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचनही दिले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष दिवंगत डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना जोडाक्षरांनी भरलेली नावे आणि उलटा क्रम जड जातो, असा या बदलामागचा विचार होता. टीकाकारांचे म्हणणे होते की यामुळे मराठी भाषेचे नुकसान होईल, बाजारात मुलाचे बोलणे कुणाला कळणार नाही, आणि पिढ्यान् पिढ्या जे लोक शिकले ते याच नावांनी शिकले. विधिमंडळात चर्चा झाली, तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरून कोट्या झाल्या. बालभारतीने रूढ नावे काढलेली नाहीत, हा खुलासा त्या गदारोळात मागे पडला.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. रूढ नावे मुलाला यायलाच हवीत. एसटीचा कंडक्टर ‘पंचेचाळीस द्या’ म्हणणार, आजी ‘बासष्ट सालची गोष्ट’ सांगणार, किराणा दुकानदार ‘अठ्ठ्याण्णव झाले’ म्हणणार. ते ज्याला कळत नाही ते मूल शाळेत हुशार ठरले तरी गावात अडेल. उलट, ‘आम्ही शिकलो की’ या युक्तिवादात जे शिकले नाहीत त्यांची मोजदाद होत नाही. त्यांतले बरेच जण ‘गणितात कच्चे’ हा शिक्का घेऊन शाळेतून बाहेर पडले. वाद ‘हे नाव की ते नाव’ असा रंगला. दोन्ही नावे कोणत्या क्रमाने आणि कशाच्या आधाराने शिकवायची, हा कामाचा प्रश्न तसाच राहिला.

चूक कोणती, हे कसे ओळखावे

उपायाआधी निदान हवे. वडवणी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीशाळेतली दुसरीतली मुलगी डोळ्यांसमोर आणू. तिला वजाबाकी येत नाही, अशी तक्रार आहे. बाईंनी तोंडी सांगितले, ‘ब्याऐंशीतून सत्तेचाळीस वजा कर.’ उत्तर ३५ यायला हवे. मुलीने लिहिले ५४.

तिची पाटी पाहिली की कोडे सुटते. तिने ब्याऐंशी लिहिले २८ आणि सत्तेचाळीस लिहिले ७४. मग आठातून चार गेले, उरले चार. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले, उरले पाच. उत्तर ५४. दोनातून सात जात नाहीत तेव्हा आकडे फिरवायचे नसतात, हे तिला शिकवावे लागेल. पण मुळात तिच्यासमोरचे गणितच वेगळे होते. तिला आणखी पन्नास वजाबाक्या सोडवायला लावल्या तरी हा गुंता सुटणार नाही.

तपासणी साधी आहे. सात संख्या तोंडी सांगून लिहून घ्याव्यात: सत्तावन्न, अठ्ठेचाळीस, पंच्याऐंशी, अठ्ठावीस, चोपन्न, बाहत्तर, पंचेचाळीस. या संख्या मुद्दाम निवडलेल्या आहेत. देवनागरीत ३ आणि ६ ही एकमेकांची आरशातली रूपे आहेत, तशीच १ आणि ९ सुद्धा. लहान मुले काही काळ आकडे आरशातल्यासारखे काढतात. ते वयाबरोबर बहुधा सुटते. त्यामुळे त्रेसष्टचे ३६ झाले, तर मुलाने क्रम उलटवला की दोन्ही आकडे आरशासारखे काढले, हे सांगता येत नाही. वरच्या सातही संख्यांत हे चार आकडे नाहीत, म्हणून तिथे उलट झाले तर ते क्रमाचेच.

मूल लिहीत असताना पेन्सिलीकडेही पाहावे. काही मुले ‘सत्तावन्न’ ऐकून आधी ७ काढतात, डावीकडे जागा सोडतात आणि मग तिथे ५ भरतात. पाटीवर उत्तर बरोबर दिसते, पण फट भरलेली नसते. तेच मूल मोबाईलवर क्रमांक दाबताना ७५ दाबते, कारण तिथे डावीकडे मागे जाऊन भरता येत नाही. घरात फोन लावून देणारे मूल हेच असते, तेव्हा ही चूक लगेच कळते.

यानंतर काड्यांची तपासणी. दहा-दहा काड्यांच्या काही जुड्या आणि काही सुट्या काड्या समोर ठेवून ‘सत्तावीस दे’ म्हणावे. मुलाने दोन जुड्या आणि सात काड्या दिल्या तर त्याला स्थानिक किंमत समजली आहे, फक्त नाव आणि लेखन यांचा मेळ बसायचा आहे. त्याने जुड्या बाजूला सारून एकेक करत सत्तावीस काड्या मोजल्या तर दशक ही कल्पनाच अजून पक्की नाही. सात जुड्या आणि दोन काड्या दिल्या तर नावाने कल्पनेलाच गोंधळात टाकले आहे. या तीन मुलांना तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकवायच्या आहेत.

डॉक्टरांकडे जाण्याची गरज कुठे पडते, तेही यातूनच दिसते. सदतीस आणि अडतीस किंवा सदुसष्ट आणि अडुसष्ट यांत मूल वारंवार गफलत करत असेल, म्हणजे दशक बरोबर पण एकक चुकत असेल, तर आधी कान तपासावेत. या जोड्यांतला फरक शब्दाच्या सुरुवातीच्या आवाजात आहे. त्यातला ‘स’ हळू उच्चारला जातो आणि कानात पाणी साचलेल्या किंवा कान वाहणाऱ्या मुलाच्या कानातून तो सहज निसटतो. फळ्यावरून उतरवतानाच आकडे चुकत असतील तर डोळे तपासावेत. पाच काड्या जास्त की आठ, हे दुसरीतल्या मुलाला बघून किंवा मोजूनही सांगता येत नसेल, वर्षभर काड्यांनी शिकवूनही दहाची जुडी समजत नसेल, तर मात्र गणिताच्या अध्ययन अक्षमतेचा किंवा एकूण बौद्धिक वाढीचा विचार करावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीसाठी येते तेव्हा शिक्षकांनी अशा मुलांची नावे सांगावीत. पुढची तपासणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. अध्ययन अक्षमतेचे निदान साधारणपणे आठ वर्षांनंतर केले जाते. सहा वर्षांच्या मुलाने सत्तावन्नचे ७५ लिहिले, एवढ्यावरून कुणीही तो शिक्का मारू नये.

काय उपयोगी पडते

पहिली गोष्ट म्हणजे नावाआधी जुडी. ऊसतोड कामगाराच्या मुलाला मोळी बांधणे नवीन नाही; त्याने आईला उसाची मोळी बांधताना पाहिलेले असते. दहा काड्यांना एक रबर लावायचे, ती झाली एक मोळी. पाच मोळ्या आणि सात सुट्या काड्या समोर आल्या की मूल आधी म्हणते ‘पाच मोळ्या, सात सुटे’. मग ‘पन्नास सात’. मग लिहिते ५७. आणि सगळ्यात शेवटी बाई सांगतात, ‘याला आपण सत्तावन्न म्हणतो.’ हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘पन्नास सात’ हे मधले नाव पुलासारखे वापरायचे. मूल पलीकडे पोचले की त्याला कायम पुलावर उभे करण्याचे कारण नाही. काड्यांशिवाय नुसते ‘पन्नास सात, पन्नास आठ’ घोकून घेतले तर मात्र मुलाच्या डोक्यावर आधीच्या शंभर नावांत आणखी ऐंशी नावांची भर पडते. नवी पद्धत फसते ती बहुतेक इथेच.

दुसरी गोष्ट, दशकांचा क्रम. पुस्तकाच्या ओळीने एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत जाण्याऐवजी आधी ज्या नावांत दशक स्पष्ट ऐकू येते ती घ्यावीत: वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी. ‘पंचेचाळीस म्हटल्यावर शेवटी काय ऐकू आले? चाळीस. म्हणजे किती मोळ्या? चार.’ मुलाला शब्दाची शेपटी ऐकण्याची सवय लागली की मग वेष पालटलेली चार दशके एकेक करून द्यावीत. ‘सष्ट ऐकलेस की साठ समज, हत्तर ऐकलेस की सत्तर, ण्णव ऐकलेस की नव्वद, आणि वन्न किंवा पन्न ऐकलेस की पन्नास.’ शंभर नावे पाठ करण्यापेक्षा ही आठ शेपट्यांची ओळख हलकी आहे. मधल्या चार-पाच महिन्यांसाठी वर्गातून जाणाऱ्या मुलालाही ती दिवाळीआधी देता येते. परत आल्यावर विसरलेले नाव ते शेपटीवरून पुन्हा जुळवू शकते.

तिसरी गोष्ट, शेवटपर्यंत ऐकून मग लिहायचे. संख्या पूर्ण सांगून होईपर्यंत हात पाटीवर ठेवायचा नाही. ऐकून झाले की आधी बोटे वर करून मोळ्या दाखवायच्या, मग लिहायचे. यासाठी पुठ्ठ्याची कार्डे चालतात: १० ते ९० ही रुंद कार्डे, १ ते ९ ही त्यांच्या निम्म्या रुंदीची. ‘सत्तावन्न’ ऐकून मूल ५० चे कार्ड काढते आणि त्यातल्या शून्यावर ७ चे कार्ड ठेवते. आकडा दिसतो ५७, पण खाली पन्नास आहेत हे मुलाने हाताने केलेले असते. ७५ लिहिणाऱ्या मुलाला इथे स्वतःलाच अडल्यासारखे होते, कारण त्यासाठी त्याला सत्तरचे कार्ड उचलावे लागेल आणि सत्तर तर त्याने ऐकलेलेच नसतात.

चौथी गोष्ट, एकोणचा वेगळा धडा. तो बाकीच्या नावांत मिसळू नये. जमिनीवर खडूने ओळ आखून २०, ३०, ४० ते ९० ही दशके लिहावीत. मूल ६० वर उभे राहते, ‘एकोण’ म्हटले की एक पाऊल मागे येते. कुठे आलो? पन्नासच्या घरात, नऊवर. हे चार दिवस केले की ६१ आणि ६९ दोन्ही कमी होऊ लागतात. पुढे हाच एकोण उपयोगी पडतो. ८२ मधून ५९ वजा करायचे असतील तर एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी. ८२ मधून ६० गेले, उरले २२, त्यात एक परत मिळवला की २३. एकोणचा अर्थ कळलेल्या मराठी मुलाला ही युक्ती नावातच मिळते.

आणि पाचवी गोष्ट शिक्षकांच्या वहीची. गणित चुकले तर तेच गणित फळ्यावर अंकांत लिहून पुन्हा द्यावे. तोंडी सांगितल्यावर चुकलेली वजाबाकी अंकांत पाहून बरोबर आली, तर वजाबाकी येते, संख्या ऐकून लिहिणे येत नाही. दोन रकाने वेगळे ठेवले की कोणत्या मुलाला काय शिकवायचे ते दिसू लागते, आणि ‘गणितात कच्चा’ हा एकच शेरा सगळ्यांना लागत नाही.

ही चूक साधारण तिसरी-चौथीपर्यंत बऱ्याच मुलांची आपोआप सुटते. पण तोवर त्यांनी दोन-तीन वर्षे चुकीच्या संख्यांवर बेरजा-वजाबाक्या केलेल्या असतात. हातचा म्हणजे काय हे न कळताच पुढचा धडा सुरू झालेला असतो. घरात लिहिता-वाचता येणारे तेच एक मूल असेल तर मुकादमाच्या वहीतली उचल किंवा फडावरच्या उसाची खेप मोजून घ्यायला वडील त्यालाच पुढे करतात. सत्तावन्न आणि पंच्याहत्तर यांत तिथे अठराचा फरक पडतो, आणि तो घराच्या हिशेबात दिसतो.